पिळाचं काम आणि शील्डचं काम

1984 साली आयबीएमने कार्यालयांसाठी आपली स्वतःची वायरिंग पद्धत बाजारात आणली. तिच्यातली 'टाइप 1' ही मुख्य केबल चांगली जाडजूड होती. आत तांब्याच्या दोन पिळलेल्या जोड्या, प्रत्येक जोडीवर फॉइल आणि त्या सगळ्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी. ती वाकवणं अवघड, जोडणं वेळखाऊ आणि किंमतही भरपूर. सहा वर्षांनी, 1990 मध्ये, 'टेन-बेस-टी' हे इथरनेटचं प्रमाण आलं. त्याला असलं कोणतंच चिलखत नको होतं. टेलिफोनसाठी वापरतात तशा साध्या पिळलेल्या तारांवर ते चालत होतं. पुढच्या काही वर्षांत जगातल्या बहुतेक कार्यालयांनी साधी, बिनशील्डची केबल स्वीकारली. जर्मनीत मात्र आजही शील्डवाली केबल सर्रास घातली जाते आणि तिथले अभियंते तिच्या बाजूने ठामपणे बोलतात.

मग शील्डची गरज आहे की नाही? दुकानात उत्तर तयार असतं: 'शील्डवाली घ्या, ती भारी.' हे उत्तर अर्धवट आहे. शील्ड एक ठरावीक काम करतं. ते काम पडलं तर त्याला पर्याय नाही. पण ते काम नसेल, किंवा शील्ड नीट जोडलेलं नसेल, तर पैसे शील्डचे जातात आणि काम साध्या केबलचं होतं.

आधी साध्या केबलचं बळ कशात आहे ते पाहू. 1881 साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट घेतलं. टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारांचा आवाज शिरत असे, त्यावरचा हा उपाय होता. आजच्या लॅन केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या लांबीचा असतो, साधारण एक ते अडीच सेंटिमीटरचा. चौघींचे पीळ सारखे असते, तर एका जोडीतला सिग्नल दुसरीत सहज उतरला असता.

पिळामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की बाहेरून येणारं चुंबकीय क्षेत्र पिळाच्या एका वेढ्यात जेवढा व्होल्टेज निर्माण करतं, तेवढाच उलट दिशेचा व्होल्टेज पुढच्या वेढ्यात निर्माण करतं, कारण तिथे तारांनी जागा बदललेली असते. बेरीज जवळजवळ शून्य होते. दुसरी गोष्ट अशी की उरलासुरला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र तारांवरचा व्होल्टेज मोजत नाही, दोन तारांमधला फरक मोजतं. दोन्ही तारा एकदम पाच व्होल्टने वर गेल्या तरी फरक तोच राहतो. शिवाय इथरनेटच्या प्रत्येक पोर्टच्या आत बारीकसा ट्रान्सफॉर्मर असतो. तो हा फरक पुढे जाऊ देतो आणि दोन्ही तारांवर सारखं आलेलं बरंचसं बाहेरच अडवतो.

घरातल्या ट्यूबलाइटची किंवा फ्रिजची वायर लॅन केबलशेजारून गेली म्हणून इंटरनेट रडत नाही, ते याच कारणाने. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा. इथरनेटचा सिग्नल लाखो-कोटी हर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि 50 हर्ट्झकडे त्याचं लक्षच नसतं. (दोन्ही वायरी एकाच पाइपात मात्र घालू नयेत, पण त्याचं कारण सुरक्षिततेचं आहे.) इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. घरच्या विजेच्या चुंबकीय क्षेत्रापासून बचाव म्हणून शील्डवाली केबल घेणाऱ्याला तो बचाव मिळतच नाही. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवायचं तर ॲल्युमिनियमचा थर निदान सेंटिमीटरभर जाड लागेल. केबलमधलं फॉइल त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतं. तीन कोटी हर्ट्झच्या गोंगाटाला मात्र ते पातळ फॉइलही पुरून उरतं, कारण वारंवारता वाढते तसा विद्युत्प्रवाह धातूच्या अगदी वरच्या थरात राहतो. थोडक्यात, शील्ड वरच्या वारंवारतेच्या गोंगाटाशी लढतं. असा गोंगाट जिथे नाही, तिथे त्याला लढाईच नाही.

तो कुठे असतो? आपल्याकडे सगळ्यात ठळक जागा म्हणजे कारखाना आणि तिथला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेडमध्ये शिरलात, तर पंप, कन्व्हेयर, लेथ अशा कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पॅनलमध्ये तो दिसेल. 415 व्होल्टचा पुरवठा तो आधी डीसीमध्ये बदलतो. तो डीसी व्होल्टेज साधारण 585 भरतो. मग सेकंदाला काही हजार वेळा तो चालू-बंद करून मोटरला देतो. काही हजार हर्ट्झचा इथरनेटला त्रास नाही. त्रास त्या चालू-बंद होण्याच्या झटक्याचा आहे. आतले ट्रान्झिस्टर सुमारे एक दशलक्षांश सेकंदाच्या दहाव्या भागात 585 व्होल्टची उडी घेतात. इतक्या उभ्या उडीतून जो गोंगाट निघतो तो तीस लाख हर्ट्झपर्यंत जोरात असतो आणि त्यापुढे हळूहळू कमी होत जातो. म्हणजे तो थेट इथरनेटच्या पट्ट्यात येऊन बसतो.

आता एक उदाहरण धरू. असं चित्र शेडमध्ये पुष्कळदा दिसतं. कार्यालयातल्या रॅकपासून लेथशेजारच्या संगणकापर्यंत 85 मीटर साधी कॅट 5ई केबल गेली आहे. वायरमनने ती केबल ट्रेमध्ये टाकली आणि त्याच ट्रेमधून 40 मीटर अंतर ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी पॉवर केबलही चालली आहे. दोघी एकमेकींना चिकटून बांधलेल्या. सकाळी यंत्र बंद असताना फाइली झपाट्याने जातात. यंत्र सुरू झालं की संगणक अडखळतो, मध्येच जोडणी तुटते, परत येते.

आकडे मांडून पाहू. एक गिगाबिटच्या इथरनेटमध्ये प्रत्येक जोडीवर पाच पातळ्या असतात, उणे एक व्होल्टपासून अधिक एक व्होल्टपर्यंत. दोन पातळ्यांमध्ये अर्ध्या व्होल्टचं अंतर. 85 मीटर केबल पार करताना सिग्नलचा वरचा भाग एक षष्ठांशावर येतो, म्हणजे ते अंतर सुमारे 80 मिलिव्होल्ट उरतं. पातळी चुकीची वाचली जायला त्याच्या निम्मा, 40 मिलिव्होल्टचा धक्का पुरे. आता समजा मोटरच्या केबलमुळे आपल्या दोन्ही तारांवर सारखाच 5 व्होल्टचा गोंगाट चढला. पीळ आदर्श असता तर काहीच बिघडलं नसतं. पण प्रत्यक्षात दोन तारा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. प्लगमध्ये पीळ उलगडलेला असतो, कुठे केबल दाबली गेलेली असते. त्या गोंगाटाचा शंभरावा भाग जरी फरकात उतरला, तरी 50 मिलिव्होल्ट झाले. पातळी चुकली, पाकीट खराब झालं आणि परत मागवावं लागलं. केबल 15 मीटरच असती, तर सिग्नल इतका खंगला नसता आणि तोच गोंगाट पचला असता. साध्या केबलवर काही शेड वर्षानुवर्षं सुरळीत चालतात आणि काही रोज रडतात, त्यामागे बहुतेक वेळा लांबी आणि पॉवर केबलशी असलेली जवळीक हीच दोन कारणं असतात.

पण केबल बदलण्याआधी रोग तोच आहे याची खात्री करावी. प्रत्येक नेटवर्क कार्ड आणि सेटिंग करता येणारा प्रत्येक स्विच खराब आलेल्या पाकिटांची मोजणी ठेवतो. लिनक्सच्या संगणकावर ती अशी दिसते (`eth0`च्या जागी आपल्या कार्डाचं नाव घालायचं):

```
ethtool -S eth0 | grep -i crc
```

स्विचच्या पानावर हाच आकडा CRC किंवा FCS या नावाखाली असतो. आकडा लिहून ठेवावा, यंत्र दहा मिनिटं चालवावं, परत पाहावा. मग यंत्र बंद ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावा. निरोगी केबलवर हा आकडा जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. यंत्र चालू असतानाच तो वाढत असेल, तर गोंगाट हे कारण धरायला हरकत नाही. यंत्र बंद असतानाही वाढत असेल, तर शील्डने काही होणार नाही. तिथे प्लगचं क्रिंपिंग वाईट असेल किंवा तार तांब्याची नसेल. आपल्या बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याच्या नावाने विकली जाते. तिचा रोध जास्त, ती चटकन तुटते आणि लांब अंतरावर ती दगा देते. माझ्या मते शील्ड असावं की नसावं या प्रश्नाच्या आधी तार शुद्ध तांब्याची आहे की नाही हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि गिगाबिटची जोडणी कायमची 100 मेगाबिटवर उतरून बसली असेल, तर बहुधा चारपैकी एखादी जोडी कुठेतरी तुटली आहे. त्याचा गोंगाटाशी संबंध नसतो.

समजा आकडा यंत्राबरोबरच वाढतो आहे. तरीही पहिला उपाय शील्डवाली केबल हा नव्हे. पहिला उपाय म्हणजे अंतर. डेटाची केबल मोटरच्या केबलपासून निदान अर्धा मीटर लांब न्यावी, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, म्हणजे दोघी शेजारी धावण्याची लांबी जवळजवळ उरत नाही. एखादी जुनी केबल जमिनीवरून दुसऱ्या वाटेने तात्पुरती टाकून पाहिली, तर अर्ध्या तासात निकाल कळतो. दुसरा उपाय गोंगाट जिथे जन्मतो तिथे करायचा. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबलच शील्डवाली घ्यावी, तिचं शील्ड दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडमध्ये चहूबाजूंनी घट्ट बसवावं, म्हणजे गोंगाटाचा प्रवाह त्याच शील्डमधून ड्राइव्हकडे परत जातो, शेडभर फिरत नाही. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत हे ठळक लिहिलेलं असतं, आणि खर्च वाचवताना नेमकं हेच गाळलं जातं. एका मोटरच्या केबलला शील्ड घातलं, की शेजारच्या सगळ्या डेटा केबलींची सुटका होते.

ट्रे बदलता येत नाही, मोटरची केबल आता काढता येत नाही, वेल्डिंगची यंत्रंही त्याच शेडमध्ये आहेत, अशा वेळी डेटाची केबल शील्डवाली घेणं हा खरा उपाय ठरतो. बाजारात सगळ्यांना सरसकट 'एसटीपी' म्हणतात, पण केबलच्या अंगावर छापलेलं नाव वाचावं. तिरक्या रेषेच्या आधीचं अक्षर सगळ्या केबलभोवती काय आहे ते सांगतं, नंतरचं प्रत्येक जोडीभोवती काय आहे ते. 'एफ/यूटीपी' म्हणजे बाहेरून एक फॉइल, आतल्या जोड्या उघड्या. 'यू/एफटीपी' म्हणजे बाहेर काही नाही, प्रत्येक जोडीला स्वतःचं फॉइल. 'एस/एफटीपी' म्हणजे जोड्यांना फॉइल आणि बाहेरून विणलेली जाळी. फॉइल वरच्या वारंवारतेला चांगलं, जाळी खालच्या भागात चांगली, कारण तिच्यात धातू जास्त आणि रोध कमी. ड्राइव्हचा गोंगाट दोन्ही भागांत पसरलेला असतो, म्हणून शेडसाठी जाळी असलेली केबल घ्यावी.

आणि इथेच बहुतेकांचं काम फसतं. केबल शील्डवाली आणली, पण टोकाला नेहमीचा प्लास्टिकचा प्लग क्रिंप केला. शील्ड तिथेच संपलं. गोंगाटाने त्याच्यात निर्माण केलेल्या प्रवाहाला जायला वाट नाही. शील्डवाल्या केबलला धातूच्या अंगाचा प्लग किंवा जॅक लागतो, धातूचा पॅच पॅनल लागतो, पॅच कॉर्डही शील्डवाली लागते, आणि पॅच पॅनल रॅकच्या अर्थिंगला जाड वायरने जोडलेला लागतो. साखळीतली एक कडी गाळली तरी बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो.

जोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. फॉइलबरोबर एक उघडी तार दिलेली असते. पुष्कळ वायरमन फॉइल मागे कापतात आणि ती तार पाच सेंटिमीटर लोंबती ठेवून जॅकच्या कडेला गुंडाळतात. मल्टिमीटरवर सगळं छान दिसतं, कारण मल्टिमीटर डीसीवर मोजतो. पण पाच सेंटिमीटर तारेचा तीन कोटी हर्ट्झला सुमारे नऊ ओहमचा अडथळा होतो, आणि शील्ड जिथे शून्याजवळ रोधाने जोडायला हवं तिथे नऊ ओहम म्हणजे दार अर्धं उघडं ठेवण्यासारखं आहे. फॉइल किंवा जाळी जॅकच्या धातूला सगळ्या बाजूंनी टेकली पाहिजे. चांगल्या जॅकमध्ये त्यासाठीच मागे पकड दिलेली असते.

तपासणीतही एक फसगत होते. दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर शील्डसाठी 'जी' नावाचा दिवा असतो. दोन्ही टोकं रॅकला आणि यंत्राला जोडलेली असताना तो पेटला, तर शील्ड अखंड आहे असं सिद्ध होत नाही. प्रवाह इमारतीच्या अर्थिंगमधून फिरूनही पलीकडे पोचू शकतो. केबल दोन्हीकडून मोकळी करून तपासली तरच त्या दिव्यावर विश्वास ठेवता येतो.

आता अर्थिंगकडे येऊ, कारण शील्डमुळे नवीन त्रास उभा राहतो तो इथेच. कार्यालय आणि शेड यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे असतील, तर दोघांच्या 'शून्या'त फरक असू शकतो. साध्या केबलला त्याची पर्वा नसते, कारण पोर्टमधले ट्रान्सफॉर्मर दोन्ही टोकं विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवतात. शील्ड मात्र दोन्ही अर्थना धातूने जोडून टाकतं आणि त्या फरकामुळे त्याच्यातून 50 हर्ट्झचा प्रवाह सतत वाहू लागतो. जोडण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून केबलचं शील्ड आणि त्या टोकाची अर्थ यांमध्ये मोजावं. अमेरिकी केबलिंग प्रमाण इथे 1 व्होल्टची मर्यादा सांगतं. त्याहून जास्त आलं, तर केबलमध्ये दोष नाही, इमारतीच्या अर्थिंगमध्ये आहे, आणि आधी दोन्ही अर्थ जाड पट्टीने एकमेकांना जोडून घ्याव्या लागतात. पुष्कळजण यावर एका टोकाचं शील्ड मोकळं सोडतात. खालच्या वारंवारतेला त्याने प्रवाह थांबतो खरा, पण ड्राइव्हच्या वरच्या वारंवारतेला ते मोकळं टोक निकामी असतं, म्हणजे ज्यासाठी शील्ड आणलं तेच काम अर्धवट होतं.

दोन वेगळ्या इमारतींमध्ये तर मी तांब्याची केबल घालूच नये असं म्हणेन, शील्डवाली तर नाहीच. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो शील्डमधून थेट स्विचमध्ये उतरतो. शील्ड विजेपासून वाचवतं हा समज धोक्याचा आहे. तिथे ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. काचेतून वीज वाहत नाही, गोंगाटही शिरत नाही. गोंगाट फारच असेल तर शेडच्या आतही हाच उपाय पुष्कळदा शील्डच्या सगळ्या साखळीपेक्षा सोपा आणि स्वस्त पडतो.

शील्ड खरोखर शोभतं अशी दुसरी जागा कारखान्यापासून अगदी लांब, शांत, थंड डेटा सेंटरमध्ये आहे. 2006 साली तांब्याच्या केबलवरचं 10 गिगाबिट इथरनेट आलं. एक गिगाबिटच्या वेळी आपल्याच केबलमधल्या चार जोड्यांचा एकमेकींत मिसळणारा आवाज चिप हिशोबाने वजा करत होती, कारण चारही जोड्यांवर काय पाठवलं जात आहे हे तिला माहीत असतं. 10 गिगाबिटला पातळ्या सोळा झाल्या आणि चुकीला जागाच उरली नाही. आता शेजारच्या केबलमधून येणारा आवाजही सिग्नल बिघडवू लागला. तो वजा करता येत नाही, कारण शेजारची केबल कुणा दुसऱ्याच्या सर्व्हरची, तिच्यावर काय चाललं आहे हे या चिपला कळायला मार्ग नाही. याला एलियन क्रॉसटॉक म्हणतात. शेजारशेजारच्या केबलींत पीळही सारखेच असतात, सारख्या रंगाची जोडी सारख्या पिळाची, म्हणून पिळाचा बचावही इथे लुळा पडतो. यामुळे साधी कॅट 6 केबल 10 गिगाबिटला एरवी 55 मीटरपर्यंत चालते, पण दाट जुडग्यात 37 मीटरवरच अडखळू शकते.

यावर दोन उत्तरं निघाली. बिनशील्डच्या कॅट 6ए केबलचं बाहेरचं आवरण जाड केलं, म्हणजे शेजारणी एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर राहतात. ती 100 मीटर नीट चालते, पण जाड असते, ट्रे लवकर भरतो आणि जुडगी घट्ट आवळून चालत नाही. फॉइलवाली कॅट 6ए त्याहून बारीक असते आणि एलियन क्रॉसटॉक तिच्यात जवळपास नाहीसा होतो. शेकडो केबली एकाच ट्रेमधून जात असतील, रॅकची अर्थिंग मुळातच चोख असेल आणि काम करणारे हात सरावलेले असतील, तर मी फॉइलवाली निवडेन.

घरात राउटरपासून एका संगणकापर्यंत 10 गिगाबिटची एकच केबल नेली, तर शेजारी दुसरी केबलच नसते आणि एलियन क्रॉसटॉकचा प्रश्नच येत नाही. तिथे शुद्ध तांब्याची साधी कॅट 6 पुरते, घर कितीही मोठं असलं तरी 55 मीटर सहसा लागत नाहीत. ऑनलाइन बाजारात 'कॅट 7' लिहिलेली, सोनेरी टोकांची चपटी पॅच कॉर्ड मिळते. तिच्याबद्दल एवढंच तपासावं: कॅट 7 म्हणजे प्रत्येक जोडीला स्वतंत्र फॉइल हवं. अनेकदा ती चपटी कॉर्ड कापून पाहिली, तर आत फॉइल नावालाही सापडत नाही.